मावशीची सही, भाच्याची सही

पतसंस्थेच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं काढली. तेवढ्या काळात ‘माझा चेक माझ्या नातेवाइकाकडे द्यावा’ अशी शेकडो पत्रं हाताखालून गेली. त्यातली निम्मी तरी परत पाठवावी लागली. लोक चिडायचे. ‘सख्खा भाचा आहे हो मी, मावशीच्या हातचं पत्र आहे, अजून काय पाहिजे?’ भाचा खोटं बोलत नसायचा. पण तो भाचा आहे हे मला कळून उपयोग काय? चेक दिल्यावर उद्या मावशींनीच ‘मला काही मिळालं नाही’ म्हटलं, तर दाखवायला माझ्याकडे काय आहे, ही माझी अडचण. चुकीच्या हातात पैसे दिले तर खुलासा कॅशियरला द्यावा लागतो. अधिकारपत्र, म्हणजे आपण ज्याला ऑथॉरिटी लेटर म्हणतो ते, खरं तर या कॅशियरसाठी लिहायचं असतं.

एक साधं प्रकरण घेऊ. मावशींची एक लाखाची ठेव. वर्षाची मुदत संपून व्याजासह १,०८,५०० रुपये झाले. मावशी घसरून पडल्या, पाय प्लॅस्टरमध्ये. भाचा तालुक्याच्या गावी नोकरीला, संस्था तिथेच. रक्कम थेट मावशींच्या बँक खात्यात जमा होणार असेल तर प्रश्नच मिटतो. ते होत नसेल तर भाच्याने सोबत दोन कागद आणायचे. एक, मूळ ठेव पावती. तिच्या पाठीमागे एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर मावशींनी सही करायची. पाच हजारांवरच्या रकमेच्या पोचपावतीला हा स्टॅम्प लागतो, आणि तो नाही म्हणून माणसं पुन्हा पोस्टात धावतात. दुसरा कागद म्हणजे पत्र. ते असं:

‘प्रति, शाखाधिकारी. माझ्या नावावरील ठेव पावती क्रमांक अमुकची मुदत अमुक तारखेला संपली आहे. पायाच्या दुखापतीमुळे मी येऊ शकत नाही. तरी रु. १,०८,५००/- (अक्षरी रुपये एक लाख आठ हजार पाचशे फक्त) या रकमेचा माझ्या नावाचा अकाउंट पेयी चेक माझा भाचा (पूर्ण नाव, पत्ता) याच्याकडे द्यावा. चेक घेतल्याबद्दल त्याने केलेली सही मला मान्य आहे. हे पत्र या एका चेकपुरतेच असून अमुक तारखेपर्यंत लागू राहील. भाच्याच्या सहीचा नमुना खाली आहे. ती सही त्याने माझ्यासमोर केली आहे.’

खाली आधी भाच्याची सही आणि तिच्याखाली मावशींची.

परत जाणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा हे शेवटचं वाक्यच नसायचं. मावशींची सही आमच्या नमुना कार्डावर असते, ती मी ताडून पाहतो. पण भाच्याची सही माझ्याकडे कुठून येणार? मावशींनी स्वतःच्या सहीखाली ती ओळखून दिली, तरच खिडकीशी उभ्या माणसाला माझ्यासमोर पुन्हा सही करायला लावून दोन्ही जुळवता येतात. सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स हव्यात, आणि भाच्याचं मूळ ओळखपत्रही. झेरॉक्सवर ‘फक्त अमुक ठेवीचा चेक घेण्यासाठी’ असं आडवं लिहून तारीख टाकावी. तुमच्या आधारची प्रत नंतर कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

मावशींची सही आता थरथरते, कार्डावरच्या वीस वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळत नाही, हेही नेहमीचंच. मग पत्र कितीही चोख असलं तरी अडतं. त्यांचं खातं असलेल्या बँकेकडून सही प्रमाणित करून आणणं हा एक मार्ग. काही संस्था आपला माणूस घरी पाठवून सही घेतात. सहीच करता येत नसेल तर अंगठा, आणि तो ओळखणारे दोन साक्षीदार. भाच्यालाच साक्षीदार करू नये, पैसे तोच घ्यायला येणार असतो. आणि अमुकच पत्र स्वीकारलं पाहिजे असं कार्यालयावर बंधन नसतं. कित्येकांचा स्वतःचा छापील नमुना असतो, म्हणून आधी एक फोन करावा.

आता चेक आणि रोख यातला फरक. अकाउंट पेयी चेक भाच्याच्या हातात असला तरी तो मावशींच्याच खात्यात जमा होतो. भाच्याला तो वटवता येत नाही. फार तर तो हरवेल किंवा खिशात राहील. खिशात राहण्याचीही एक गंमत आहे: चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत गेला नाही तर त्याचा निव्वळ कागद होतो. डीडीचं जवळपास तसंच. वीस हजार आणि त्यावरच्या डीडीवर बँक अकाउंट पेयी क्रॉसिंग करूनच देते. तेव्हा भाच्याचं खरं काम खिडकीवरच चेक वाचण्याचं: बँक पासबुकात आहे तसंच नाव आहे ना, अंकी आणि अक्षरी रक्कम एकच आहे ना, तारीख आहे ना. ‘सुमन’चं ‘सुमती’ झालं की पुन्हा फेरी.

रोख मात्र वेगळी गोष्ट. पत्रावर रोख दिली की कार्यालयाच्या दृष्टीने ती मावशींना मिळाली. भाच्याने वाटेत मोटारसायकलचा हप्ता भरला तर तो मावशी-भाच्यांमधला मामला. आमच्या व्हाउचरला सही आणि पत्र जोडलेलं असतं. म्हणून रोखीच्या पत्रात ‘जी होईल ती रक्कम’ असं कधी लिहू नये, आकडा घालावा. कोऱ्या कागदावर सही करून ‘बाकीचं तू लिही’ तर मुळीच नको. ठेवीच्या बाबतीत आयकर कायदाच रोख अडवतो. वीस हजार किंवा त्याहून मोठी ठेव पतसंस्थेला रोखीने परत करता येत नाही. तरीही ‘रोखच द्या’ म्हणून हटून बसणारे नातेवाईक मी पाहिले, आणि अशा वेळी मी मावशींना फोन लावायचो.

एकदा असाच एक भाचा आला. पत्र नमुनेदार, दोन्ही सह्या, स्टॅम्प, झेरॉक्स, सगळं जागच्या जागी. पत्रावरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची. चेक फाडून तयार होता. मी सहज विचारलं, ‘मावशींचा पाय कसा आहे?’ तो म्हणाला, ‘परवा गेल्या.’

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मावशींनी सांगितलं होतं, तर काम पुरं करावं, एवढंच. पण अधिकार देणारा माणूस गेला की त्याने दिलेला अधिकारही संपतो. १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. नोटरीचं मुखत्यारपत्रही तिथेच संपतं. मला माहीत नसताना मी चेक दिला असता तर गोष्ट निराळी, कळल्यावर देता येणार नव्हता. मी चेक कपाटात परत ठेवला आणि ठेवीचा अर्ज काढला. नामनिर्देशनाच्या रकान्यात त्यांच्या पुण्याच्या मुलीचं नाव होतं. भाच्याला ते ठाऊक नव्हतं. मग त्यानेच तिला माझ्यासमोर फोन लावला आणि मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, काय काय आणायचं ते मी सांगत गेलो तसं तिला सांगत राहिला.