डी कमी, बी-ट्वेल्व्ह कमी: मग पुढे काय?

बँकेच्या मागच्या ऑफिसात काम करणारी ती अडतीस वर्षांची बाई माझ्यासमोर बसली आणि तिने मोबाइलवरचा रिपोर्ट पुढे केला. डोंबिवलीहून सकाळची लोकल, दिवसभर एसी, संध्याकाळी परतीची गर्दी. दुपारी तीननंतर स्क्रीनवरचे आकडे डोळ्यांपुढे तरंगतात, रविवारी झोपून उठलं तरी अंग जड वाटतं. ऑफिसने करून दिलेल्या चेकअपमध्ये दोन आकडे ठळक छापून आले होते. व्हिटॅमिन डी ११, बी-ट्वेल्व्ह १६८. 'डॉक्टर, म्हणजे याच्यामुळेच मला थकवा येतो ना? एका कोर्समध्ये जाईल?'

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. त्याचं उत्तर दोन व्हिटॅमिनसाठी दोन वेगळ्या वाटांनी जातं. रिपोर्टमध्ये ती शेजारीशेजारी छापलेली असतात एवढंच, एरवी त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

आधी डी घेऊ. रक्तात मोजतात ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे शरीरातला साठा. बहुतेक लॅब मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या खाली आकडा गेला की तो ठळक करतात. पण हाडांच्या दृष्टीने बहुतेक माणसांना २० पुरतात, असं मानणारे तज्ज्ञ कमी नाहीत. त्यामुळे २४ किंवा २७ आकडा आला म्हणून घाबरून जाण्यासारखं काही नसतं. अकरा मात्र खरोखर कमी आहे. लॅब बदलली तर एकक बघून घ्या. काही ठिकाणी नॅनोमोलमध्ये लिहितात, तिथे आकडा अडीचपट दिसतो आणि लोक उगाच खूश होतात.

'पण मी रोज सकाळी बाल्कनीत कोवळ्या उन्हात चहा घेते,' ती म्हणाली. इथे मला नेहमी थांबून समजावून सांगावं लागतं. त्वचेत डी तयार करणारे अतिनील किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे पोचतात. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ते जवळपास नसतातच. साधी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडायला हवी. काचेतून हे किरण येत नाहीत, म्हणून ऑफिसच्या खिडकीशी बसून उपयोग नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही वेळा वीस-तीस मिनिटं बाहेर राहिलं तर फरक पडतो. पण लोकल पकडणाऱ्या माणसाला ती वेळ मिळत नाही, आणि पावसाळ्यात तर ऊनच नसतं. म्हणून औषध लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

औषध म्हणजे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल. आठवड्यातून एक, आठ आठवडे. डी चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं, म्हणूनच ते आठवड्यातून एकदा घेता येतं. जेवणानंतर किंवा दुधातून घेतलं की जास्त शोषलं जातं, उपाशीपोटी पाण्यातून घेतलं की कमी.

मात्र जे साठतं ते जास्तही होऊ शकतं. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आपल्या सत्तरीतल्या वडिलांना घेऊन आला होता. दोन आठवड्यांपासून उलट्या, तहान, बद्धकोष्ठ, आणि आदल्या दिवसापासून ते काहीतरी असंबद्ध बोलत होते. औषधांची पिशवी उलटी केली तर डीच्या पुड्यांचं पाकीट निघालं. आठवड्यातून एक घ्यायची ती पुडी त्यांनी रोज एक अशी दीड महिना घेतली होती, म्हणजे सत्तावीस लाख युनिट. रक्तातलं कॅल्शियम साडेतेराच्या आसपास होतं. असायला हवं साडेदहाच्या आत. त्यांना दवाखान्यात ठेवून सलाइन द्यावं लागलं, किडनीचे आकडे ताळ्यावर यायला बरेच दिवस लागले. तेव्हापासून मी प्रिस्क्रिप्शनवर वार लिहून देतो: 'फक्त रविवारी'. आणि पाकिटावर घेतलेल्या तारखा लिहा असं सांगतो.

आता बी-ट्वेल्व्हकडे येऊ. माझ्या मते ऑफिसमधल्या माणसाने जास्त गांभीर्याने घ्यायचा आकडा हा आहे, कारण इथे नसांचा प्रश्न असतो. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, दोनशे ते तीनशे म्हणजे संशयास्पद. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, आणि सर्वांत जास्त कमतरता शहरातल्या मध्यमवर्गात होती. पैसा आणि धान्य कमी पडत नसूनही.

कारण सरळ आहे. हे व्हिटॅमिन जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत ते प्राण्यांमार्फतच येतं. मांस, मासे, अंडी, दूध. भाजी, डाळ, फळं यांत ते नसतं. स्पिरुलिनात असतं असं सांगतात, पण त्यातला बहुतांश भाग आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. शाकाहारी माणसाचा आधार फक्त दूध, दही, ताक, पनीर. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि ती दुधातून भागवायची तर साधारण अर्धा लिटर दूध-दही पोटात जायला हवं. माझ्या पेशंटचं दूध म्हणजे तीन कप चहात पडेल तेवढं. ते शंभर-सव्वाशे मिलिलिटरच्या पुढे जात नव्हतं.

पण तिच्या बाबतीत एवढंच कारण नव्हतं. मी विचारलं, दुसरी काही गोळी चालू आहे का? 'नाही. अ‍ॅसिडिटीची तेवढी घेते.' किती दिवस? दोन वर्षांहून जास्त, रोज सकाळी, चहाच्या आधी. मेडिकलवाला देतो.

इथे गाठ सुटली. अन्नातलं बी-ट्वेल्व्ह प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. सुटल्यावर जठरातच तयार होणारा एक प्रथिन-वाहक त्याचा हात धरतो आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत नेतो, तिथे ते रक्तात शिरतं. पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेतली की पहिली पायरीच ढासळते. डायबेटिसची मेटफॉर्मिन पुढे आतड्यातल्या शोषणात अडथळा आणते. म्हणून बी-ट्वेल्व्ह कमी आलं की किती कमी यापेक्षा का कमी हे आधी शोधायचं असतं. बाहेरून कोर्स दिला, कारण तसंच राहिलं, तर वर्षभरात आकडा पुन्हा खाली येतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता आधीचा रिपोर्ट मागितल्याशिवाय नवीन कोर्स लिहीत नाही.

मग मी तिला बूट काढायला सांगितले. रात्री पायाची बोटं झिणझिणतात हे तिने सांगितलंच नव्हतं, खुर्चीत बसून होत असेल असं तिला वाटत होतं. ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्यावर ठेवला. 'काय वाटतं?' 'थंड वाटतं.' थरथर मात्र तिला कळली नाही. घोट्यावर ठेवला तेव्हा कळली. नसांना धक्का लागायला सुरुवात झाल्याची ती खूण. हे लवकर सापडलं तर बहुधा भरून येतं, पण फार काळ गेला तर सगळं परत येईलच असं नाही.

तिच्या हिमोग्लोबिनच्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशींचा आकार मात्र नॉर्मल होता. बी-ट्वेल्व्ह कमी असलं की पेशी मोठ्या होतात, मग इथे का नाही? कारण फेरिटिन तपासलं तर ते निघालं ७. लोह कमी असलं की पेशी लहान होतात. एकाने मोठ्या केल्या, दुसऱ्याने लहान, आणि सरासरी मधोमध आली. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या थकव्याचा मोठा वाटा या लोहाचा होता, जे चेकअपच्या पॅकेजमध्ये तपासलंच नव्हतं. थायरॉइड आणि साखर ठीक होती. नुसत्या डीच्या कमतरतेने थकवा येतो असं ठामपणे म्हणता येत नाही. जिना चढताना मांड्या दुखणं, खुर्चीतून हाताचा आधार घेऊन उठावं लागणं या डीच्या खुणा. तिला त्या नव्हत्या.

नसांची लक्षणं होती म्हणून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. दोन आठवडे एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, पुढे गोळी. पहिलं इंजेक्शन भरताना ती दचकली, कारण ते लालभडक असतं. त्यात कोबाल्ट असतं, त्याचा तो रंग. झिणझिण्या नसत्या तर मी गोळीवरच भागवलं असतं. पंधराशे मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं जेमतेम एक टक्का त्या वाहकाशिवाय, आपलं आपण आत झिरपतं. पण एक टक्का म्हणजे पंधरा मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या सहा-सातपट. गोळीतला आकडा इतका मोठा असतो तो यासाठीच. आणि गोळीतलं बी-ट्वेल्व्ह मोकळंच असतं, ते सोडवायला आम्ल लागत नाही.

अ‍ॅसिडिटीची गोळी एकदम बंद केली नाही, कारण तशी केली की आम्ल उसळून येतं आणि माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड अशी महिनाभरात सोडवली. लोहाची गोळी चहापासून दोन तास लांब ठेवली, आणि रक्तस्रावासाठी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तीन महिन्यांनी ती आली. डी ३४, फेरिटिन वर चढलेलं, बी-ट्वेल्व्ह ७००च्या पुढे. या शेवटच्या आकड्यावर मी फारसं बोललो नाही. गोळी चालू असताना तो वर जाणारच, त्यावरून नसा भरून आल्या की नाही ते कळत नाही. मी पुन्हा बूट काढायला सांगितले. डाव्या अंगठ्यावर तिला थरथर कळली, उजव्यावर अजून पुसट होती. दुपारी तीनचा थकवा, ती म्हणाली, साधारण दुसऱ्या महिन्यात गेला.

आता तिची डीची पुडी महिन्याला एक आहे, आणि बी-ट्वेल्व्हची गोळी शाकाहार आहे तोवर चालूच राहील. तुमच्याही रिपोर्टमध्ये हे दोन आकडे ठळक आले असतील तर मेडिकलमधून कोर्स घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी न विसरता सांगा: रोज दूध-दही नेमकं किती जातं, अ‍ॅसिडिटीची किंवा साखरेची कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे, आणि पायाची बोटं झिणझिणतात का. झिणझिणत असतील तर पुढच्या चेकअपची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा.