प्रूफमधला सतरावा संदर्भ

शोधलेखाचं प्रूफ येतं, समासात संपादकाची शंका असते: ‘संदर्भ ९ आणि १७ एकच आहेत का?’ यादीत ३० संदर्भ, क्रम मजकुरात आधी येईल त्याला आधी. लेखक घाईत उत्तरतो, ‘१७ काढा.’ आता १८ ते ३० हे सगळे एकेक आकडा खाली सरकणार.

खरा घोळ ‘१६–१८’ अशा जोडरेषेत असतो. तिथे १७ छापलेला दिसत नाही, म्हणून शोधूनही सापडत नाही. बदलानंतर तिथे ‘९, १६, १७’ हवं. तक्ते आणि चित्रांखालच्या ओळीही तपासाव्या लागतात; त्या हमखास राहतात.

म्हणून उत्तर नेमकं द्यावं: ‘१७ काढा; मजकुरात जिथे १७ तिथे ९; १८–३० हे १७–२९ करा; पान ४, तक्ता २ मध्येही.’ प्रूफच्या फाइलमध्ये स्वतः आकडे खोडत बसू नये, कारण जुळारी उरलेले बदलेलच असं नाही. रिकाम्या १७वर दुसरा लेख बसवला तर क्रमांक वाचतात, पण तो लेख त्या वाक्याला खरोखर आधार देत असेल तरच. नुसती जागा भरणं ही फसवणूकच. दुरुस्त प्रूफ आल्यावर शेवटचा संदर्भ २९ आहे ना, हे आधी पाहावं.