चंदन जाळू नका, तापवा

ध्यानाला बसताना चंदनाचा वास हवा, पण धूर नको, असं म्हणणाऱ्यांनी आधी उदबत्तीकडे नीट पाहावं. पाकिटावर चंदनाचं चित्र असलं तरी जळतं ते मुख्यतः बांबूची काडी, कोळशाची पूड, भुसा आणि ते सगळं चिकटवून ठेवणारी जिगट. धूर होतो तो याच जळण्यातून. चंदनाचा वास मात्र गाभ्याच्या लाकडातल्या तेलातून येतो आणि तो मोकळा व्हायला नुसती ऊब पुरते.

जपानमध्ये पंधराव्या शतकात आकाराला आलेल्या 'कोदो' या गंधविधीत हेच करतात. अगरू किंवा चंदनाचा तुकडा निखाऱ्यावर न ठेवता, राखेत पुरलेल्या निखाऱ्यावरच्या अभ्रकाच्या चकतीवर ठेवतात.

घरी हे सहज जमतं. पितळी किंवा मातीची जाड वाटी चाळलेल्या कोरड्या राखेने जवळजवळ भरा. लाकडी कोळशाचा सुपारीएवढा तुकडा पेटवा आणि त्यावर सगळीकडून राखाडी थर आला की राखेत पुरा. झटपट पेटणारा, दारूगोळ्यासारखा वास मारणारा तयार कोळसा नको. वर राखेचा छोटा उंचवटा करून माथ्यापासून निखाऱ्यापर्यंत काडीने एक भोक पाडा. माथ्यावर अभ्रकाची चकती ठेवा आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या चंदनाच्या दोन-तीन ढलप्या. ढलपी काळी पडून धूर निघाला तर निखारा फार वर आहे, राख वाढवा. वासच येत नसेल तर राख थोडी कमी करा. चंदन तपकिरी होत जावं, कोळसा होऊ नये.

खरी गंमत पुढे आहे. काही मिनिटांत वास संपल्यासारखा वाटतो आणि हात पुन्हा डबीकडे जातो. चंदन संपलेलं नसतं, नाक सरावलेलं असतं. खोलीबाहेर फेरी मारून आत या, वास तिथेच सापडेल. म्हणून बसण्याआधी एकदाच चंदन ठेवावं आणि मध्ये उठू नये. हाच वास दिवसभर घरात दरवळत ठेवला तर बसण्याच्या वेळेची त्याची ओळख पुसली जाते. माझ्या मते चंदन याच एका वेळेपुरतं राखून ठेवावं.

धूर दिसला नाही तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. खिडकी उघडी हवी, आणि उठल्यावर निखारा पूर्ण विझल्याशिवाय वाटी आवरू नये. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर विस्तवाचा नादच सोडा. देव्हाऱ्यातली सहाण घ्या, चार थेंब पाण्यात खोड उगाळा आणि ते गंध मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. अंगाच्या उबेवर हा वास हळूहळू येतो आणि बराच वेळ टिकतो.

खोड घेताना गाभ्याचं, पिवळट-तपकिरी घ्या. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो. उगाळल्यावर पहिल्यांदा घमघमाट आणि दोन-चार वेळा उगाळून झाल्यावर काहीच नाही, असं झालं तर लाकडाला वरून अत्तर चोळलेलं आहे, हे समजा.