ढग खाली का पडत नाही?

ढग पाण्याच्याच थेंबांचा असतो आणि पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड. मग तो कोसळत का नाही? जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने 1851 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचं उत्तर दिलं: हवेचा चिकटपणा त्याला धरून ठेवतो.

ढगातला एक सर्वसाधारण थेंब घेऊ, त्रिज्या 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्याचं वजन त्याला खाली ओढतं आणि हवा विरोध करते. इतक्या लहान थेंबावर हा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो, वेग दुप्पट तर विरोधही दुप्पट. ही ओढाताण अशी लिहितात:

dv/dt = g − v/τ

इथे v म्हणजे वेग, g म्हणजे गुरुत्वत्वरण आणि τ म्हणजे थेंबाचं वस्तुमान भागिले विरोधाचा गुणांक. τ हा काळ आहे, सेकंदांत मोजायचा. उजवी बाजू शून्य झाली की वेग वाढायचा थांबतो. तोच अंतिम वेग, gτ.

समीकरण सोडवायची सोपी वाट म्हणजे वेगाकडे न पाहता, अंतिम वेगाला तो अजून किती कमी पडतो याकडे पाहणं. ही तूट जितकी मोठी, तितक्या झपाट्याने ती घटते. दर τ काळात ती आधीच्या 37 टक्के उरते. थेंब स्थिर अवस्थेतून निघाला असेल, तर

v = gτ(1 − e^(−t/τ))

आता आकडे घालू. आपल्या थेंबासाठी τ येतो जेमतेम 0.0012 सेकंद आणि अंतिम वेग सेकंदाला 1.2 सेंटिमीटर. पाच τ, म्हणजे सहा मिलिसेकंदांत, वेग अंतिम वेगाच्या 99 टक्क्यांवर पोचतो. तोवर थेंब पडलेला असतो स्वतःच्या व्यासाच्या तिप्पट अंतर, फक्त! त्यानंतर त्याचा वेग वाढतच नाही. या गतीने एक किलोमीटर उतरायला त्याला जवळपास अख्खा दिवस लागेल. प्रत्यक्षात ढगाखालच्या कोरड्या हवेत तो त्याआधीच विरून जातो. शिवाय सेकंदाला अर्धा मीटर वर चढणारी हवासुद्धा त्याच्या पडण्याच्या चाळीस पट वेगाने त्याला उचलते.

हे गणित कुठवर चालतं? τ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक मिलिमीटर त्रिज्येच्या पावसाच्या थेंबाची त्रिज्या शंभर पट, म्हणून अंतिम वेग दहा हजार पट, सेकंदाला 120 मीटर यायला हवा. मोजला तर तो भरतो साडेसहा मीटरच्या आसपास. समीकरणाची सोडवणूक बरोबरच होती, चुकलं ते विरोधाबद्दलचं गृहीतक. मोठ्या थेंबामागे हवेत भोवरे उठतात आणि विरोध वेगाऐवजी साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढू लागतो. त्रिज्या सुमारे 30–40 मायक्रॉनच्या पुढे गेली की स्टोक्सचा नियम ढिला पडायला लागतो, आणि तिथून पुढे थेंबासाठी वेगळं समीकरण मांडावं लागतं.