चुकलेल्या उत्तरांची चाचणी

दहावी होऊन पॉलिटेक्निकला आलेल्या मुलांसमोर पहिल्याच सत्रात मॅट्रिक्स आणि आंशिक अपूर्णांक येऊन उभे राहतात. म्हणून बरीच महाविद्यालयं सुरुवातीला गणिताचा ब्रिज कोर्स घेतात. त्याआधी एक पूर्वचाचणी होते आणि तिचे गुण फळ्यावर लागतात. पण एखाद्याला ४० पैकी १८ पडले म्हणजे त्याचं नेमकं काय अडलंय, हे त्या आकड्यावरून कसं कळणार? ते कळतं चुकलेल्या उत्तरांवरून, तेही प्रश्न तसे बेतले असतील तरच.

एकच प्रश्न घेऊ: 5 − 2(x − 3) सोपं करा. बरोबर उत्तर 11 − 2x. ज्याचं −1 − 2x आलं, त्याने कंस सोडवला, पण उणे गुणिले उणे अधिक होतात हे विसरला. 2 − 2x लिहिणाऱ्याने बाहेरच्या 2 ने फक्त x ला गुणलं, 3 ला तसंच सोडलं. आणि 3x − 9 लिहिणाऱ्याने आधी पाचातून दोन वजा करून टाकले; त्याला कंस येतो, क्रियांचा क्रम येत नाही. गुण तिघांनाही शून्यच, पण शिकवायचं तिघांना वेगवेगळं. पर्यायी उत्तरं द्यायची झाली तर हीच तीन द्यावीत. मनाला येतील ते आकडे टाकले की प्रश्न वाया गेला.

दुसरी युक्ती जोडप्रश्नांची. 17 = 5 + 3t मधून t काढायला सांगा आणि चार प्रश्नांनंतर v = u + at मधूनही t काढायला सांगा. पहिलं बरोबर सोडवणारी काही मुलं दुसऱ्यात v − u − a लिहितात. समीकरण त्यांना येतं. आकड्यांच्या जागी अक्षरं आली की at हा गुणाकार आहे हेच नजरेतून सुटतं. पहिलंही चुकलं, तर मात्र मागे जाऊन समीकरणापासून सुरुवात करायला हवी.

एका चुकीवरून निदान करू नये. घाईत चिन्ह कुणाचंही चुकतं. तीच चूक तीनपैकी दोन प्रश्नांत दिसली तरच तिला दुखणं म्हणावं. कच्चं काम त्याच कागदावर करून घ्यावं, म्हणजे अंदाजपंचे मारलेली खूण ओळखू येते. मराठी माध्यमातल्या मुलाला अवयव पाडता येतात, पण ‘फॅक्टराइज’ वाचून तो थबकतो, म्हणून सूचना दोन्ही भाषांत हव्यात.

कोऱ्या सोडलेल्या प्रश्नावरून मात्र काहीच ठरवता येत नाही. अशा मुलांना पेपर समोर ठेवून ‘इथे पहिली पायरी काय करशील?’ एवढंच तोंडी विचारावं आणि मगच त्यांचा गट ठरवावा.