सरासरी तीच, विभाग वेगळे

‘माझे वरिष्ठ माझं म्हणणं ऐकून घेतात.’ या वाक्यापुढे पाच चौकटी असतात : अजिबात सहमत नाही, सहमत नाही, सांगता येत नाही, सहमत, पूर्ण सहमत. त्यांना अनुक्रमे 1 ते 5 गुण. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली मांडलेली ही पद्धत आज कर्मचाऱ्यांच्या बहुतेक अभिप्राय-अर्जांत दिसते. अर्ज भरून घेणं सोपं असतं. चुका होतात त्या आकडे वाचताना.

समजा, एका कारखान्यात लेखा आणि उत्पादन या दोन विभागांतल्या वीस-वीस जणांनी वरच्या वाक्याला उत्तर दिलं. लेखा विभागात दोघांनी 2, दहा जणांनी 3, सहा जणांनी 4 आणि दोघांनी 5 गुण दिले. बेरीज 68, सरासरी 3.4. उत्पादनात चौघांनी 1, दोघांनी 2, एकाने 3, आठ जणांनी 4 आणि पाच जणांनी 5 दिले. बेरीज पुन्हा 68, सरासरी पुन्हा 3.4.

अहवालात दोन्ही विभाग शेजारी शेजारी सारखेच दिसतील. प्रत्यक्षात लेखा विभागातली निम्मी माणसं कुंपणावर बसली आहेत, तर उत्पादनात सरळ दोन तट पडले आहेत.

म्हणूनच सरासरीच्या जोडीला अनुकूल टक्केवारी काढतात, म्हणजे 4 किंवा 5 गुण देणाऱ्यांचं प्रमाण. लेखा विभागात ती 40 टक्के येते, उत्पादनात 65. पण एवढ्यावर थांबलं तर उत्पादन विभागाची पाठ थोपटली जाईल आणि नाराज असलेले सहा जण, म्हणजे 30 टक्के माणसं, नजरेआड होतील. लेखा विभागात नाराज फक्त 10 टक्के आहेत. प्रतिकूल टक्केवारीचा रकाना अनेक अहवालांत नसतो. तो असायलाच हवा.

गणित तक्त्यात सहज होतं :

```
=AVERAGE(B2:B21)
=COUNTIF(B2:B21,">=4")/COUNT(B2:B21)
```

रिकामी चौकट ही सूत्रं सोडून देतात. मात्र कुणी तिथे शून्य भरलं, तर ते उत्तर म्हणून मोजलं जातं. सोळा जणांची सरासरी 4 असेल आणि उरलेल्या चौघांच्या नावे शून्य पडलं, तर ती 3.2 वर घसरते. रकान्यातला सर्वांत लहान आकडा शून्य दिसला, की चूक कुठे झाली ते कळतं. ‘कामाचा ताण सहन होत नाही’ अशा उलट्या वाक्याचे गुण 6 मधून वजा करून घ्यावे लागतात, नाहीतर त्रासलेला विभागच अहवालात सर्वांत समाधानी ठरतो.

विभागांची तुलना करताना माणसं किती, हे आधी पाहावं. वीस जणांच्या विभागात एकाचं मत फिरलं तर टक्केवारी 5 अंकांनी हलते. चौघांच्या भांडार विभागात 25 अंकांनी. शिवाय चौघांत कुणी 1 गुण दिला, हे साहेबांना लगेच ओळखता येतं. त्यामुळे पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या विभागाचे आकडे वेगळे न दाखवता मोठ्या गटात मिळवण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाळतात, आणि हे अर्ज वाटतानाच सांगितलं तर भांडारातला माणूसही मनातलं लिहितो.