लाल टोपीवाल्या म्हातारीला काय विचारावं?

जेनी जोसेफ या इंग्लिश कवयित्रीने १९६१ साली ‘वॉर्निंग’ ही कविता लिहिली. १९९६ मध्ये बीबीसीने घेतलेल्या कौलात दुसऱ्या महायुद्धानंतरची ब्रिटनची सर्वांत लाडकी कविता म्हणून तिचीच निवड झाली. म्हातारी झाल्यावर आपण जांभळे कपडे आणि त्यांवर न शोभणारी लाल टोपी घालू, पेन्शन ब्रँडीवर उडवू, परक्यांच्या बागेतली फुलं तोडू, थुंकायलासुद्धा शिकू, असे बेत त्यात एक बाई रचते. सगळी मिळून २२ ओळी. वाचक मंडळाच्या तासाभराच्या बैठकीला एवढा ऐवज पुरतो. प्रश्नांचा क्रम मात्र नीट लावावा लागतो.

बहुतेक बैठका बिघडतात त्या पहिल्याच प्रश्नाने. “कशी वाटली कविता?” असं विचारलं की “छान आहे” म्हणून मंडळी मोकळी होतात. “म्हातारपणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?” म्हटलं की गुडघेदुखी, अमेरिकेतला मुलगा आणि सोसायटीची लिफ्ट एवढ्यावर तास संपतो आणि कविता पिशवीतच राहते. त्यापेक्षा दोघांनी ती मोठ्याने वाचावी आणि साधी मोजदाद करावी. ही बाई काय काय करणार आहे? त्यातलं कायद्याला न चालणारं किती, लोकांना न आवडणारं किती आणि निव्वळ पोरकट किती? फूल तोडणं चोरीत धरायचं की पोरकटपणात, यावर वाद सुरू झाला की बैठक रंगली म्हणावी.

दुसरा टप्पा बोलणाऱ्या आवाजाचा. मजकूर समोर ठेवून विचारावं, इथे बोलतंय कोण? सुरुवातीला प्रामुख्याने ‘मी’ आहे. मग आवाज ‘तुम्ही’वर येतो: हवे तसे विचित्र शर्ट घाला, एका बैठकीत तीन पौंड सॉसेज खा. त्यानंतरच्या चार ओळींत ‘आम्ही’ येतो आणि सूरच उतरतो. भाडं भरायचं, रस्त्यात शिव्या द्यायच्या नाहीत, मुलांपुढे चांगला आदर्श ठेवायचा, पाहुण्यांना जेवायला बोलवायचं. शेवटी पुन्हा ‘मी’. हा ‘आम्ही’ कोण? नवरा-बायको, की सगळी सभ्य मध्यमवयीन माणसं? बंडाची भाषा एकटीची आणि कर्तव्याची भाषा सर्वांची का? या एका प्रश्नाला वीस मिनिटं दिली तरी वाया जात नाहीत.

मराठी मंडळात इथे एक पोटप्रश्न आवश्यक आहे. नवरात्रातल्या ठरलेल्या रंगांची सवय असलेल्यांना जांभळ्याचं काय अप्रूप? मग आपल्याकडे सत्तरीच्या बाईने काय केलं की गल्लीच्या माना वळतील? आणि तेच आजोबांनी केलं तर? ही उत्तरं चटकन येतात. त्यांवर फार रेंगाळू नये.

कवयित्रीचं वय सांगायचं ते यानंतर. तिचा जन्म १९३२ चा; म्हणजे कविता लिहिताना ती तिशीच्या आतली होती. सुरुवातीलाच हे सांगितलं तर कविता आपोआप ‘तरुणीची कल्पना’ ठरते आणि चर्चा आटोपते. उशिरा सांगितलं की लोक पुन्हा मजकुराकडे वळतात. आता विचारावं, या म्हातारपणात काय नाही? आजारपण नाही, विसरभोळेपणा नाही, कुणावर अवलंबून राहणं नाही, मरण नाही. पेन्शन मात्र आहे आणि हातातली काठी टेकायला नसून रेलिंगवरून खडखडवायला आहे. ही कवितेची उणीव, की तिचा विषयच वेगळा, म्हणजे तारुण्यातला कोंडमारा? जाणकारांचं यावर एकमत व्हायलाच हवं असं नाही. शेवटच्या ओळींत सरावाची गोष्ट निघते, ती पाहता दुसरं उत्तर जास्त पटतं.

खोलात जाणारा प्रश्न त्या सरावाचाच. लोकांना धक्का बसू नये म्हणून आतापासून थोडा सराव करावा का, असं बाई स्वतःला विचारते. पण परवानगी काढून, सवय लावून केलेलं बंड बंड उरतं का? इथे एक खरी घटना कामी येते. या कवितेवरून १९९८ मध्ये अमेरिकेत स्यू एलन कूपर यांनी ‘रेड हॅट सोसायटी’ सुरू केली. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी जांभळे कपडे आणि लाल टोपी घालायची, त्याहून लहान असणाऱ्यांनी फिकट जांभळे कपडे आणि गुलाबी टोपी. बेशिस्तीच्या कवितेतून गणवेश निघाला! हे कवितेचं यश की पराभव, यावर मंडळींना भांडू द्यावं.

वेळ अपुरा पडला तर रंगाचा प्रश्न गाळावा, सरावाचा गाळू नये. आणि त्याचं उत्तर प्रत्येकाकडून वदवून घेण्याचा आग्रह संचालकाने धरू नये. ज्यांना बोलायचं नाही त्यांना गप्प बसू द्यावं.